चेहऱ्याआधी कागद पोचू दे

प्रिय,

नाव मुद्दाम लिहीत नाही. पुण्याच्या बांधकाम क्षेत्रात सगळे एकमेकांना ओळखतात, आणि असली पत्रं फिरतात.

केस बारीक कापू का, नंबर नसलेला चष्मा लावू का, साइटवर सैल शर्ट घालायला लागू का, असं तू विचारलंयस. कपड्यांचा विषय माझ्यासाठी हेल्मेट, सेफ्टी शूज आणि रिफ्लेक्टरचं जॅकेट इथे संपतो. बाकी तुला आवडेल ते घाल. चेहरा झाकायच्या खटपटीत रोजची अर्धी शक्ती जाईल, आणि लोक तो बघायचे थोडेच थांबणार आहेत.

तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी मात्र मला खुपल्या. पहिली अप्रेझलमधली ओळ: 'कम्युनिकेशन उत्तम. तांत्रिक खोली अजून दिसायची आहे.' दुसरी तुझ्या साहेबांचं वाक्य: 'तू पण चल गं मीटिंगला, क्लायंट जरा खूश राहतो.' दोन्हींचं मूळ एकच आहे. तुझं काम कुणाच्या नजरेला पडायच्या आत तू पडतेस. म्हणून या पत्रात मी एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती तुला वीट येईपर्यंत सांगणार आहे: तुझा कागद तुझ्याआधी खोलीत पोचला पाहिजे.

आधी हे नीट समजून घे, म्हणजे उगाच स्वतःत खोट शोधत बसणार नाहीस. माणसाबद्दल पुरेशी माहिती नसली की लोक ती जागा दिसण्यावरून भरून काढतात. 1979 साली अमेरिकेत मॅडलिन हाइलमन आणि लोइस सारुवातारी यांनी नोकरीच्या अर्जांवर एक प्रयोग केला. देखण्या पुरुषाला कारकुनी आणि मॅनेजरची, दोन्ही जागांसाठी दिसण्याचा फायदा झाला. देखण्या बाईला तो फक्त कारकुनी जागेसाठी झाला, मॅनेजरच्या जागेसाठी तेच दिसणं तिच्या आड आलं. पुढे 1985 मध्ये हाइलमन यांनीच मेलनी स्टोपेक यांच्यासोबत दाखवलं की भराभर वर चढलेल्या देखण्या पुरुषाचं यश लोक त्याच्या कुवतीच्या खात्यावर जमा करतात, तर तशाच बाईच्या यशातून कुवत वजा करतात. तुझ्या ऑफिसातली 'साहेबांची लाडकी' ही कुजबुज याच हिशेबातली आहे.

आणि हो, फायदाही होतो. सिक्युरिटीवाला तुला गेटवर अडवत नाही, क्लायंट तुझा फोन उचलतो, मुलाखतीला बोलावणं लवकर येतं. म्हणूनच या तक्रारीला सहानुभूती मिळत नाही. ती मागूही नकोस. 'दिसायला चांगली आहे म्हणून त्रास होतो' हे वाक्य ऑफिसात एकदा उच्चारलंस तर पुढची दोन वर्षं तेच तुझ्या नावाला चिकटेल.

आता तुझ्या आठव्या स्लॅबकडे येऊ. तू ज्या मीटिंगमुळे रडवेली झालीस, तिच्यातच सगळं शिकण्यासारखं आहे.

तो स्लॅब एम 30 चा, काँक्रीट 42 घनमीटर. आयएस 456 प्रमाणे 31 ते 50 घनमीटरला चार नमुने घ्यायचे आणि 28 दिवसांच्या चाचणीसाठी प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब भरायचे, म्हणजे बारा क्यूब. इथवर सगळं नीट झालं होतं. तिसऱ्या नमुन्याचे निकाल आले 33.6, 24.1 आणि 34.4. सरासरी 30.7. कॉन्ट्रॅक्टरच्या शीटवर फक्त सरासरीचा रकाना होता आणि त्यापुढे 'पास' लिहिलेलं होतं. तू म्हणालीस, 'हा नमुना धरता येणार नाही.' त्यांचा प्रोजेक्ट मॅनेजर हसून म्हणाला, 'मॅडम, तीसच्या वर आहे की.' वीस मिनिटांनी कन्सल्टंट सरांनी तेच सांगितलं आणि ते लगेच लिहून घेतलं गेलं.

तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. त्याच कोडच्या कलम 15.4 नुसार नमुन्यातला कुठलाही क्यूब सरासरीपासून 15 टक्क्यांपेक्षा जास्त दूर असेल तर त्या नमुन्याचा निकालच अवैध ठरतो. 24.1 हा आकडा 30.7 पासून 6.6 ने खाली आहे, म्हणजे जवळजवळ साडेएकवीस टक्के. वाद घालायला जागाच नव्हती.

तू मला विचारलंस, 'मी आवाज चढवायला हवा होता का?' नाही. आवाज चढवला असतास तर 'मॅडम चिडल्या' एवढंच मिनिट्सबाहेर गेलं असतं. झालं असं की पडद्यावर सरासरीचा रकाना सगळ्यांना दिसत होता, आणि कलम 15.4, तिन्ही सुटे आकडे, साडेएकवीस टक्के हे फक्त तुझ्या डोक्यात होतं. समोर पुरावा नाही म्हटल्यावर लोकांनी बोलणाऱ्याकडे पाहिलं. तुझ्याकडे पाहून त्यांना एक गोष्ट सुचली, सरांच्या पिकल्या केसांकडे पाहून दुसरी. पुरावा टेबलावर असता तर दोघांपैकी कुणाच्याच तोंडाकडे बघायची गरज पडली नसती. कागद आधी पोचायला हवा म्हणते तो यासाठी.

तो कागद कसा असावा, ते आता शब्दशः देते. आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत मेल जाऊ दे. संध्याकाळी साइटवर काँक्रीट सुरू झालं की कुणी मेल उघडत नाही, आणि मीटिंगच्या सकाळी पाठवलेला मेल म्हणजे न पाठवलेलाच. एक पान, त्याहून जास्त नाही.

'विषय: आठवा स्लॅब, नमुना 3 अवैध, मंगळवारी निर्णय हवा.
नमुना 3 चे निकाल: 33.6, 24.1, 34.4. सरासरी 30.7.
24.1 चा सरासरीपासून फरक 21.5 टक्के. मर्यादा 15 टक्के (आयएस 456, कलम 15.4).
नमुना अवैध. काँक्रीट नापास झालेलं आहे असा याचा अर्थ नाही.
उरलेल्या तीन नमुन्यांचे सुटे निकाल सोबत जोडले आहेत.
निर्णय हवा: त्या मिक्सरचं काँक्रीट जिथे पडलं तिथे आधी रिबाउंड हॅमर लावायचा, की थेट कोअर काढायचे?'

बास. सोबत लॅबच्या रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो. 'मला वाटतं', 'कदाचित', 'आपल्या निदर्शनास आणू इच्छिते की' यातलं काही नको. विशेषणही नको.

चौथी ओळ सगळ्यात मोलाची आहे. 'अवैध' आणि 'नापास' यात घोळ केलास तर कॉन्ट्रॅक्टर तुला तिथेच आडवं करेल, आणि ते बरोबरच असेल. दुसरा कुणी असं चुकला तर ती चूक असते, तू चुकलीस तर 'म्हटलं नव्हतं का' असतं. हे अन्यायाचं आहे, मला मान्य आहे. पण मंगळवारपर्यंत ते बदलणार नाही, आणि तुझी मीटिंग मंगळवारी आहे. तेव्हा पाठवण्याआधी प्रत्येक आकडा कॅल्क्युलेटरवर पुन्हा मार.

नोटेत आणखी एक गोष्ट असती तर तो प्रोजेक्ट मॅनेजर हसला नसता: क्यूबचं वजन. 150 मिलिमीटरचा क्यूब म्हणजे 0.003375 घनमीटर. नीट भरलेला असेल तर तो साधारण 8.1 ते 8.4 किलो भरतो. 24.1 वाला क्यूब 7.7 किलोचा निघाला तर काँक्रीट नव्हे, क्यूब भरणारा पोऱ्या दोषी आहे. त्याने ठासणी नीट केली नाही, आत पोकळी राहिली. उलट वजन 8.3 निघालं तर गोष्ट गंभीर, कारण भरणी ठीक असूनही ताकद कमी आली. अशा वेळी कोअरची भाषा करावी लागते. किमान तीन कोअर काढायचे. त्यांची क्यूबच्या हिशेबातली सरासरी ताकद ग्रेडच्या 85 टक्के हवी, म्हणजे एम 30 ला 25.5, आणि एकही कोअर 75 टक्क्यांच्या खाली, म्हणजे 22.5 च्या खाली, जाता कामा नये.

बहुतेक साइट लॅबच्या रजिस्टरमध्ये वजनाचा रकाना छापलेला असतो आणि कोरा असतो. तो भरून घ्यायला लाव. चाचणीच्या वेळी स्वतः उभी राहा, क्यूबवरचा रंगाने घातलेला नंबर आणि तारीख वाच, काट्यावर ठेव, मगच मशीनखाली जाऊ दे. फुटलेल्या तुकड्यांचा फोटो घे. हे पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या मीटिंगमध्ये 'क्यूबचं वजन किती होतं?' हा प्रश्न तू विचारलास की खोलीतला सूर बदलतो. कारण त्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याकडे नसतं.

मेल गेल्यावर संध्याकाळी एक फोन कर, फक्त कन्सल्टंट सरांना. 'सर, नोट पाठवली आहे, त्यात चूक दिसली तर आत्ताच सांगा.' याला मस्का म्हणत नाहीत. चूक असेल तर ती चारचौघांत निघण्याआधी फोनवर निघेल, आणि नसेल तर उद्या तेच म्हणतील, 'हे कालच्या नोटेत आलंय.' मीटिंगमध्ये तुझं पहिलं वाक्य: 'काल पाठवलेल्या नोटेतला निर्णयाचा मुद्दा घेऊ या.' आणि तुझाच मुद्दा पुन्हा कुणी स्वतःचा म्हणून मांडला, तर तोंड वाकडं न करता म्हणायचं, 'हो सर, नोटेत तेच आहे. मग हॅमर कधी लावायचा, गुरुवारी?' श्रेय मागायचं नाही. तारीख मागायची. श्रेय मेलवर तारीखवार पडलेलंच आहे.

तुला हे सगळं फार कागदी वाटेल. मी कागदांचं वेड लागलेली बाई आहे, असं माझ्यामागे बोलतात आणि त्यात खोटं काही नाही. पण मला सांग, दुसरं काय चालतं? 'काम बोलतं' म्हणणारे पुष्कळ भेटतील. काम बोलत नाही गं. काम लॅबच्या कोपऱ्यात नंबर घालून पडलेलं असतं आणि बोलतो तो त्याच्या पुढ्यात उभा असलेला माणूस. तुझ्या बाबतीत लोक त्या माणसाकडे बघण्यात गुंग होतात, म्हणून तुला हा जास्तीचा खटाटोप.

मिनिट्स लिहायचं काम तुझ्याकडे येतं, हेही तू लिहिलंयस. अक्षर छान, इंग्रजी छान, म्हणून. सरसकट नाही म्हणू नकोस, अट घाल: मिनिट्समध्ये 'मुद्दा कोणाचा' आणि 'कृती कोणाकडे' हे दोन रकाने हवेत. तू लिहिणार असशील तर ते घालणं तुझ्या हातात आहे. पण ज्या मीटिंगमध्ये तुझा तांत्रिक विषय आहे, तिथे मिनिट्स दुसऱ्याने लिहायच्या. एकाच वेळी मांडणं आणि टिपणं जमत नाही, हे कारण पुरेसं आहे आणि खरंही आहे.

क्लायंटला खूश ठेवायच्या मीटिंगचं उत्तर त्याहून सोपं. 'येते सर, माझा विषय कोणता? दहा मिनिटं द्या, मी क्यूबचा आणि स्टीलच्या टेस्टचा आढावा देते.' विषय मिळाला तर जा, आदल्या दिवशी एक पान पाठवून जा. विषय नाही असं उत्तर आलं तर, 'मग मी साइटवर थांबते, स्लॅबचं चेकिंग आहे.' दोनतीनदा असं झालं की साहेबांना कळतं. चिडायची, भाषण करायची गरज नाही. बसून हसण्यासाठी मात्र एकदाही जायचं नाही. ती खुर्ची एकदा तुझ्या नावाची झाली की सुटत नाही.

नवीन साइटवर पहिल्या दिवशी काय करायचं, याला एक उपाय आहे आणि तो योगायोगाने आपल्याच क्षेत्रात तपासलेला आहे. 2014 मध्ये स्टेफनी जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी बांधकामाच्या नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या देखण्या बाईवर अभ्यास केला. आपण इथे नेहमीसारख्या उमेदवार दिसत नाही, हे तिने स्वतःहून बोलून टाकलं की तिच्याबद्दलचं मत सुधारत होतं. लोकांच्या मनातली गोष्ट तीच बोलते, मग त्यांना ती मनात घोळवावी लागत नाही. आपल्याकडे ते असं म्हण: 'माझ्यासारखी इंजिनिअर तुमच्या साइटवर पहिली असेल. मागच्या साइटवर बावीस मजल्यांचं काँक्रीट मी पाहिलंय. तुमचं पोअर कार्ड दाखवा.' एका दमात आणि एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलंस की कैफियत होते. आणि हे विसरू नकोस की तो प्रयोग पहिल्या भेटीतल्या मतापुरता होता. रोज भेटणाऱ्या माणसावर असलं वाक्य चालत नाही, तिथे रोजचा कागद लागतो.

आता जरा अवघड भाग. माझ्या मते सगळ्यात मोठं ओझं थट्टा किंवा कुजबुज हे नव्हे. तुला खरी टीका मिळत नाही, हे आहे. तुझ्या वयाच्या मुलाने स्टीलची बार बेंडिंग शेड्यूल चुकीची काढली तर सीनियर त्याच्यावर खेकसतो आणि तो आयुष्यभरासाठी शिकतो. तुझी शेड्यूल तोच सीनियर गुपचूप दुरुस्त करतो आणि 'छान केलंस' म्हणतो. कुणाला तुला दुखवायचं नसतं, कुणाला तुझ्याशी गोड राहायचं असतं, कुणाला 'मुलीवर ओरडला' हा शिक्का नको असतो. कारण काहीही असो, नुकसान तुझं. पाच वर्षांनी त्या मुलाला लॅप कुठे द्यायचा हे कळत असेल आणि तुला 'छान' एवढंच माहीत असेल. मग ती अप्रेझलची ओळ खरी ठरेल. मला भीती आहे ती याची.

दुसरी बाजूही तितकीच वाईट. 1984 मध्ये ब्रेंडा मेजर आणि सहकाऱ्यांना दिसलं की आपल्याला पाहणाऱ्या परक्या माणसाने, म्हणजे बाईला पुरुषाने आणि पुरुषाला बाईने, केलेली स्तुती देखणी माणसं कामाच्या खात्यावर फारशी धरत नाहीत. न पाहता केलेली स्तुती मात्र धरतात. 'सर छान म्हणाले, पण का म्हणाले?' असं तूही लिहिलंयस. ती शंका काढून टाकायचा प्रयत्न करू नकोस, ती योग्यच आहे. तिचं उत्तर मिळेल अशी सोय कर. तुझं कॅल्क्युलेशन अशा माणसाकडून तपासून घे ज्याने तुला कधी पाहिलेलं नाही. दुसऱ्या शहरातल्या शाखेतला चेकर, व्हेंडरचा डिझायनर, कॉलेजच्या सीनियरच्या ओळखीतला कुणी. मेलच्या खात्यावरचा फोटो काढून टाक, तिथे नावाचं अक्षर राहू दे. फाइलवर नावाऐवजी आद्याक्षरं घाल. आणि 'कसं झालंय?' असं विचारू नकोस, त्याला सगळे 'छान' म्हणतात. 'यातल्या तीन चुका काढून द्या' असं विचार. चुका मागितल्या की माणूस शोधायला लागतो. ज्या पानावर लाल पेनच्या खुणा नाहीत त्या पानावर विश्वास ठेवू नकोस.

ऑफिसातल्या सीनियरला एकट्यात सांग, 'माझी शेड्यूल परस्पर दुरुस्त करू नका, परत पाठवा.' दोनदा सांगावं लागेल. तिसऱ्यांदा त्याच्या टेबलावरून तीच शेड्यूल उचलून दुरुस्त्यांवर बोट ठेवून विचार.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात, कारण ती वेगळी आहे आणि दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये. 'आज छान दिसतेस' याला 'थँक्यू. सात दिवसांचे रिझल्ट आले का?' एवढं पुरतं. पण नकोसा स्पर्श, रात्रीचे मेसेज, 'प्रमोशन माझ्या हातात आहे' असलं बोलणं, हे सगळं 2013 च्या कायद्यात लैंगिक छळ म्हणून येतं, आणि साइट, कंपनीची गाडी, बाहेरगावची मीटिंग यांनाही तो लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीला सबळ कारण पटलं तर आणखी तीन महिने. चौकशी 90 दिवसांत पुरी व्हायला हवी. इथेही कागदच कामाला येतो: त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, आसपास कोण होतं, हे लिहून ठेव. स्क्रीनशॉट कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवू नकोस, तो कधीही काढून घेतला जातो. आणि तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. कुणी तसं घाबरवलं तर ऐकू नकोस.

मंगळवारच्या मीटिंगची नोट सोमवारी चारच्या आत जाऊ दे. वजनं आजच मागून घे. फुटलेले क्यूब लॅबवाले फार दिवस ठेवत नाहीत, ढिगाऱ्यात टाकतात. वजन चाचणीआधी घेतलेलं नसेल तर तुकडे गोळा करून वजन करता येतं. थोडा चुरा सांडलेला असतो, म्हणून ते नोटेत 'तुकड्यांचं वजन' असंच लिही.

नोट मला पाठवू नकोस. मी तुला पाहिलेलं आहे आणि मला तू आवडतेस, म्हणजे मी तपासायला निकामी आहे. नागपूरला माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, क्यूब आणि कोअर यातच हयात गेली आहे. भयंकर तुसडे. त्यांचा मेल आयडी वेगळा पाठवते. त्यांना तुझं नाव सांगितलेलं नाही, फक्त आद्याक्षरं सांगितली आहेत. उत्तरात 'नमस्कार' नसेल, थेट चुका असतील. त्या दुरुस्त करून मगच पुढे पाठव.

तुझी,
मॅडम